घोकंपट्टी नव्हे, पडताळणी

महोदय,

‘पोथीआधीचा ग्रंथ’ हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लिखित संहिता म्हणजेच मूळ ग्रंथ, हे गृहीतक लेखकाने तपासायला घेतले हे योग्यच झाले. परंतु मौखिक परंपरेत प्रत्येक पठण थोडे नवे असते, हे त्यांचे विधान लोकगीतांना लागू पडेल, ऋग्वेदाला नाही.

वेदपाठशाळेत विद्यार्थी संथा घेतो तेव्हा नुसते पाठांतर होत नाही. सलग संहितेनंतर पदे सुटी करून म्हणायचा पदपाठ, मग पदे ठरावीक रीतीने पुन्हा पुन्हा जोडून म्हणायचे क्रम, जटा आणि घन हे पाठ येतात. जटेत दोन पदे सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात. ऋग्वेदाची सुरुवात जटेत ‘अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे’ अशी होते. समजा, एखाद्याने ‘ईळे’ऐवजी ‘ईळ’ पाठ केले. सलग म्हणताना ही चूक कदाचित निसटून जाईल. पण उलट म्हणताना ‘ईळेऽग्निम्’च्या जागी ‘ईळाग्निम्’ असा संधी होईल आणि शेजारी बसलेल्याच्या कानाला तो लगेच खटकेल. पोथीत मात्र एखादी मात्रा गळली, तर पुढचा लेखनिक ती तशीच उतरवून घेतो.

संस्कृतचे विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांना हे ठाऊक होते. त्यांनी सिद्ध केलेली अथर्ववेदाची आवृत्ती मुंबईत १८९५ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या पाठभेदांत हस्तलिखितांच्या बरोबरीने वैदिकांच्या मुखातले पाठही नोंदवले आहेत. डोळ्याची चूक वेगळी आणि कानाची वेगळी, त्यामुळे दोन्ही साक्षी जुळल्या की पाठाची खात्री वाढते.

या पद्धतीची मर्यादाही लेखात यायला हवी होती. ‘तत्सवितुर्वरेण्यं’ मोजून पाहा. गायत्री छंदाच्या चरणाला आठ अक्षरे लागतात, इथे सातच भरतात. ‘वरेणियं’ म्हटले की आठ होतात आणि रचनाकाळी उच्चार तसाच असावा. अशी कमी अक्षरे संधी आणि जोडाक्षरे सोडवून भरून काढायची, हे वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्यालाही माहीत होते, तरी संहितेच्या पाठात ते अक्षर घातले गेले नाही. म्हणजे एका टप्प्यावर जी संहिता ठरली, ती पाठकांनी उणिवेसकट जपली. त्या टप्प्याच्या आधी काय होते, ते नुसत्या पाठांतरातून कळत नाही.

शिवाय हे सारे माणसांवर उभे आहे. महाभाष्यकार पतंजलींनी ऋग्वेदाच्या एकवीस शाखा, म्हणजे पाठपरंपरा, सांगितल्या. आज पाठशाळांतून प्रामुख्याने शाकल शाखाच ऐकू येते. उरलेल्यांपैकी ज्या शाखेची पोथीही राहिली नाही, तिचे नावच काय ते शिल्लक आहे. म्हणून लेखकाने पोथीला दुय्यम ठरवून थांबू नये. संहितांच्या नव्या आवृत्त्या निघतील तेव्हा घनपाठींना, शंकर पांडुरंग पंडितांनी वैदिकांना बसवले तसे, नावानिशी साक्षीला बसवावे, अशी मागणी त्यांनी करावी. घनापर्यंत अध्ययन झालेले वैदिक आजही महाराष्ट्रात आहेत.

— एक वाचक, वाई