बाबांच्या फोनमधल्या सिमच्या पिनविषयी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी सकाळी सात वाजल्यापासून सव्वादहापर्यंत बाबांचा फोन लागत नव्हता, आईचा वाजत होता पण कोणी उचलत नव्हते, आणि त्या सव्वातीन तासांत माझ्या मनात काय काय येऊन गेले ते मी इथे लिहीत नाही. शेवटी खालच्या काकांना वर पाठवले, तेव्हा कळले की बाबांची शुगरची गोळी झाली आहे, नाश्ता झाला आहे, आणि फोन तेवढा कसला तरी नंबर मागत बसला आहे. तो नंबर मागायला त्या फोनला मीच लावले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघण्याच्या गडबडीत मी बाबांच्या सिमला पिन घातला आणि जिना उतरता उतरता दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले. तेव्हाच शांतपणे बसून सांगायला हवे होते. ते आता या पत्रातून सांगते.

आधी मंगळवारी काय झाले ते पाहू. रात्री फोनने स्वतःचे अपडेट घेतले आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. फोन असा नव्याने चालू झाला की सिमकार्ड आधी आपला पिन विचारते, आणि तो बरोबर मिळेपर्यंत नेटवर्कला जोडले जात नाही. म्हणून माझे फोन बाबांपर्यंत पोहोचतच नव्हते. बाबा, तुम्हाला वाटले की हा रोजचाच स्क्रीन उघडण्याचा नंबर आहे, म्हणून तुम्ही तो टाकला. चूक आली, तेव्हा घाईत बोट चुकले असेल असे समजून पुन्हा तोच टाकला. दोन्ही वेळा नंबर तुमच्या मते बरोबरच होता, फक्त तो दुसऱ्या कुलपाचा होता. मग आईने "मनूला विचारल्याशिवाय आता हात लावायचा नाही" म्हणून फोन फ्रिजवर ठेवून दिला. आई, तू त्या वेळी नेमकी जागा धरलीस. सिमचा पिन चुकण्याची मुभा तीनच वेळा असते आणि त्यातल्या दोन संपल्या होत्या.

ही दोन कुलपे वेगळी आहेत, एवढे पक्के लक्षात राहिले की बाकीचे सोपे आहे. स्क्रीनचा नंबर फोनचा आहे. त्याच्या आत आपले फोटो, निरोप, बँकेचे ॲप असते. सिमचा पिन त्या नखाएवढ्या कार्डातच साठवलेला असतो, फोनमध्ये नव्हे. म्हणून कार्ड काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घातले तरी ते तिथेही पिन मागते. ओळखायची खूण अशी की सिमचा पिन मागणाऱ्या पडद्यावर SIM PIN हे शब्द असतात आणि चुकल्यास remaining attempts असे लिहून किती संधी उरल्या तो आकडा दाखवतात. रोजच्या कुलपाच्या पडद्यावर SIM हा शब्द नसतो. फोन नव्याने चालू झाल्यावर आधी सिमचा पिन आणि त्यानंतर तुमचा नेहमीचा नंबर, असा क्रम आहे. दिवसभरात फोन कितीदाही उघडलात तरी सिमचा पिन पुन्हा विचारला जाणार नाही, त्यामुळे रोजचा त्रास वाढलेला नाही याची खात्री बाळगा.

मी हे तुमच्या अपरोक्ष का केले, असे बाबांच्या मनात आले असेल. बाबा, श्रावणात मंडईतून येताना बसच्या गर्दीत तुमचा फोन गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात की फोनला कुलूप आहे, कोण काय करणार. फोन खरोखर कोणी उघडू शकले नाही. त्यातले सिम मात्र कोणीतरी काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले. व्हॉट्सॲपला खात्री पटवायला त्या नंबरावर आलेला एसएमएसचा कोड पुरतो, आणि तो कोड त्या माणसाच्या हातात आला. तासाभरात नाशिकच्या मामांना "मी दवाखान्यात आहे, पंधरा हजार पाठव" असा निरोप तुमच्या नावाने गेला. मामांनी आधी आईला फोन केला म्हणून निभावले. सिमला पिन असता तर त्या दुसऱ्या फोनने आधी तो मागितला असता आणि एकही कोड तिथे पोहोचला नसता. नुसत्या सिमवर बँक रिकामी होत नाही, यूपीआयचा पिन निराळा असतो. पण पासवर्ड विसरला म्हणून नवा मागणाऱ्याला बहुतेक ठिकाणी ओटीपी याच नंबरावर जातो. म्हणून माझा जीव त्या कार्डात अडकला होता.

त्याच्या मर्यादाही सांगून ठेवते, म्हणजे या कुलपावर भलता भरवसा ठेवला जाणार नाही. फोन चालू असताना हिसकावला गेला, तर सिम काढेपर्यंत किंवा फोन बंद करेपर्यंत ते कार्ड उघडेच असते आणि फोन येत राहतात. म्हणून कुलूपबंद पडद्यावर निरोपांचा मजकूर दिसू नये अशी सोय मी तेव्हाच करून ठेवली आहे. कोणी गोड बोलून ओटीपी विचारून घेतला, तर पिन काही करू शकत नाही. तुमच्या नावाने कोणी नवे कार्ड काढले, तर त्या कार्डाचा पिन वेगळाच असतो. तेव्हा फोन पुन्हा कधी गेलाच, तर पिन आहे म्हणून स्वस्थ न बसता आईच्या फोनवरून लगेच सिम बंद करायला कंपनीला कळवायचे आहे.

आता तीन चुकांनंतर काय होते ते. तिसऱ्या चुकीला कार्ड पिन घेणे थांबवते आणि पीयूके मागते. हा आठ आकडी नंबर त्या कार्डापुरताच असतो. तो बरोबर दिला की कार्ड उघडते आणि नवा पिन दोनदा टाकून घेते. पीयूके चुकण्याची मुभा दहा वेळा असते आणि दहाव्या चुकीला कार्ड कायमचे निकामी होते. नंबर आपलाच राहतो, पण कागदपत्रे घेऊन दुकानात जाऊन नवे कार्ड काढावे लागते, आणि नव्या कार्डावर पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे त्या दिवशी बँकेचा ओटीपीही नाही. बाबांच्या गुडघ्यांनी तो जिना आणि ती रांग मला नको आहे. आणखी एक: किती संधी उरल्या हा हिशोब कार्ड स्वतः ठेवते. फोन बंद करून चालू केला, बॅटरी उतरू दिली किंवा कार्ड आईच्या फोनमध्ये घातले, तरी संधी वाढत नाहीत. बरोबर पिन एकदा पडला की मगच त्या पुन्हा तीन होतात. मंगळवारी मी आईच्या फोनवरून एकेक आकडा सांगितला आणि बाबांनी तो टाकला, तेव्हा त्या तीन झाल्या आहेत, काळजी नको.

पीयूके सिम ज्या मोठ्या प्लास्टिकच्या चौकटीतून तोडून काढतात तिच्यावर छापलेला असतो. बाबा, तुमच्या टेबलाच्या खणात अशी एक चौकट आहे, ती चोरीला गेलेल्या सिमची आहे आणि तिच्यावरचा नंबर आता कशालाही लागू पडणार नाही. ती कृपया कापून टाका, नाहीतर अडचणीच्या वेळी तीच हाताला लागेल आणि दहांपैकी काही संधी उगाच खर्ची पडतील. श्रावणात घेतलेल्या नव्या सिमची चौकट मी गोदरेजच्या कपाटात, विम्याच्या कागदांच्या पाकिटात ठेवली आहे. ती सापडली नाही, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला आईच्या फोनवरून विचारता येते. ओळख पटवून ते पीयूके सांगतात.

पिन कोणता ते मी पत्रात लिहीत नाही. बाबा, ज्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी तुमच्याबरोबर सारसबागेत यायचे, आणि जी विकली त्या दिवशी मी जेवले नव्हते, ती आठवा. आई, तू बाबांना आठवण कर. जन्मतारीख मुद्दाम घेतली नाही, कारण पाकिटातल्या आधार कार्डावर ती लिहिलेली असते. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवायची नाही, बाबा, ही सवय मला माहीत आहे.

आईच्या सिमला मी अजून काही केलेले नाही आणि मी येईपर्यंत कोणालाही करू द्यायचे नाही. खालचे काका मदत करायला तयार आहेत, त्यांचा भाव मला कळतो, पण बहुतेकांची कार्डे नेमकी इथेच अडकतात. सिमचे कुलूप पहिल्यांदा चालू करताना फोन पिन मागतो आणि माणसाला वाटते की आता आपल्या मनातला नवा नंबर द्यायचा. प्रत्यक्षात तो कार्डात कंपनीने आधीपासून घातलेला जुना पिन मागत असतो. मनातला नंबर तीनदा टाकला की पिन घालण्याआधीच कार्ड बंद. बाबांच्या वेळी मी आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घेतला, तो देऊन कुलूप चालू केले आणि मगच तो बदलून आपला ठेवला. आईचेही मी संक्रांतीला आले की असेच करीन.

तोपर्यंत एवढे करा. दूध घेतल्यावर आईने रोज बाबांच्या फोनवर एक रिंग द्यावी. वाजली नाही तर पडदा पाहावा. SIM PIN असे दिसले तर चष्मा लावून, बसून, एकदाच पिन टाकावा. चुकला तर आणखी एकदा, सावकाश. दुसऱ्यांदाही चुकला तर फोन फ्रिजवर आणि मला फोन. मी कामात असले तरी उचलीन. मधेच कोणाला बरे वाटेनासे झाले तर पिनसाठी थांबू नका. त्याच पडद्यावर Emergency call असते, तिथून ११२ लागतो. आणि आई, तुझा फोन स्वयंपाकघरात ओट्याजवळ, आवाज पूर्ण ठेवून असू दे.

रविवारी अकरा वाजता मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल करीन. त्या वेळी बाबांनी आपला फोन बंद करून पुन्हा चालू करायचा आणि मी बघत असताना पिन टाकायचा. तिन्ही संधी तेव्हा हाताशी असतील आणि मी समोर असेन, त्यामुळे चुकले तरी बिघडणार नाही. फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा.

तुमची,
मनू