फलकावर ‘खड्डा’ हा शब्द हवा

जलवाहिनीच्या चरात दुचाकीस्वार पडल्याची बातमी वाचली. ‘फलक लावला होता’ हा खुलासा पटत नाही. आमच्या रस्त्यावरही तसाच फलक आहे : ‘सदर ठिकाणी जलवाहिनीचे काम प्रगतिपथावर असल्याने नागरिकांनी सावधगिरी बाळगून सहकार्य करावे.’ यात खड्डा हा शब्दच नाही, वळायचे कुठे तेही नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. एवढे वाचायला चार सेकंद लागले, तरी 44 मीटर संपतात. त्याऐवजी ‘पुढे खोल खड्डा’ आणि खाली बाणासह ‘डावीकडून जा’ एवढेच पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत, खड्ड्याच्या बऱ्याच अलीकडे लिहावे. ठेकेदाराचे नाव वेगळ्या पाटीवर जाऊ द्या.

– एक वाचक, जालना