‘हप्त्यात भरा’ म्हणजे नेमके कधी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिंदी आणि मराठीतल्या फसव्या जोड्यांचा विषय निघाला की गाडी हमखास ‘शिक्षा’वर येऊन थांबते. हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. मग ‘चेष्टा’ येते, ‘संसार’ येतो, थोडे हसू होते आणि विषय संपतो. खरे तर या जोड्या निरुपद्रवी आहेत. ‘मुलांना चांगली शिक्षा द्या’ असे कोणी छापले तर वाक्यच ओरडून सांगते की काहीतरी चुकले आहे. घात होतो तो चुकीचा अर्थही वाक्यात चपखल बसतो तेव्हा. बँका, विमा कंपन्या, वीज कंपन्या, सरकारी पोर्टले यांचे जे संदेश आज मराठीत येतात, त्यांतले बरेच हिंदीवरून उतरवलेले दिसतात, आणि त्यांत अशा न ओरडणाऱ्या चुका सापडतात.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ. मूळ हिंदी असे: ‘बकाया राशि एक हफ़्ते में जमा करें। आपत्ति हो तो शाखा से संपर्क करें।’ त्याचे मराठी असे होते: ‘बाकी राशी एका हप्त्यात जमा करा. आपत्ती असल्यास शाखेशी संपर्क साधा.’ व्याकरणात खोट काढायला जागा नाही. ‘राशी’ तेवढी पत्रिकेतली वाटते. पण पुढे ‘जमा करा’ आहे, म्हणून वाचणारा रक्कम असे समजून घेतो. आता उरलेला मजकूर मराठी माणूस कसा वाचेल? सगळे पैसे एकरकमी भरा, तुकडे पाडू नका. आणि घरावर काही संकट कोसळले असेल तर शाखेत या. मूळ मजकुरात होती सात दिवसांची मुदत आणि हरकत घेण्याची सोय. दोन्ही गायब झाल्या आणि त्यांच्या जागी दोन भलत्याच गोष्टी आल्या. मुदत उलटल्यावर दंड लागला तर ‘कळवले होते की’ म्हणायला बँक मोकळी.

हप्ता हा शब्द फारसीतल्या सातावरून आलेला. हिंदीत तो मुख्यतः आठवडाच राहिला. मराठीत आठवड्याला आपला आठवडा होताच, त्यामुळे हप्ता सरकत सरकत ठरावीक काळाने द्यायच्या पैशांवर जाऊन बसला. (गल्लीतल्या दादाला द्यायचे पैसेही त्यातच आले.) कर्जाच्या हप्त्याला हिंदीत ‘किस्त’ म्हणतात. म्हणून पैशांच्या संदेशात ही जोडी सर्वांत वाईट: दोन्ही अर्थ पैसे भरण्याशी निगडित, आणि कुठलाही घातला तरी वाक्य उभे राहते.

‘एसएमएसमध्ये जागा कमी असते’ ही सबब इथे चालत नाही. एकाच भागाच्या देवनागरी एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येकी वेगळी मोजली जातात, हे खरे. पण ‘हप्त्यात’ मोजून पाहा, ८ चिन्हे. ‘आठवड्यात’ मोजा, तीही ८. आणि ‘आपत्ती’ला ६ लागतात, ‘हरकत’ला फक्त ४.

या हरकतीची गंमत दुहेरी आहे. हिंदी ‘आपत्ति’ म्हणजे मराठी हरकत. मराठी आपत्ती म्हणजे हिंदी ‘आपदा’. म्हणून आपले आपत्ती व्यवस्थापन तिकडे ‘आपदा प्रबंधन’ असते. आणि मराठी हरकत हिंदीत नेली की ती होते चाळा, आगळीक. विकास आराखडा प्रसिद्ध झाला की आपल्याच वृत्तपत्रात ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ अशी जाहीर सूचना येते. तीच शब्दशः हिंदीत गेली तर तिकडचा वाचक ‘आगळिकी आणि माहिती’ असे वाचेल, कारण हिंदीत ‘सूचना’ म्हणजे माहिती: आपला माहितीचा अधिकार, त्यांचा ‘सूचना का अधिकार’. हिंदीत तिथे ‘आपत्तियाँ एवं सुझाव’ लागते. उलट दिशेने, हिंदीतले ‘सूचना दी जाती है’ मराठीत ‘सूचना देण्यात येते’ झाले की साध्या माहितीला आदेशाचा वास येतो.

दुसरा शब्द ‘समाधान’. तक्रार नोंदवली की काही दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे समाधान करण्यात आले आहे’ असा संदेश येतो. हिंदीत समाधान म्हणजे तोडगा. मराठीत समाधान माणसाचे होते, तक्रारीचे नाही. इथवर वाक्य नुसते विचित्र. त्रास होतो तो पुढच्या प्रश्नाने: ‘समाधान झाले का? हो / नाही’. विचारायचे असते काम झाले का. मराठीत विचारले जाते तुम्ही खूश आहात का. मीटर तीन महिन्यांनी बदलून मिळालेला ग्राहक चिडून ‘नाही’ दाबतो आणि झालेल्या कामाची तक्रार पुन्हा उघडते. मीटर बदललेलाच नाही, पण फोनवरची मुलगी गोड बोलली, तो ‘हो’ दाबतो आणि तक्रार बंद होते. इथे ‘निवारण’ हवे. ‘निकाली काढली’ हेही चालणार नाही, कारण निकाली काढणे म्हणजे फाइल मिटवणे. काम झाले की नाही ते त्यात येत नाही.

इंग्रजीवरून थेट येणाऱ्या मजकुरात सापळा वेगळा, तो आपण उसना घेतलेल्या शब्दांचा. इंग्रजीतले ‘डिपॉझिट’ म्हणजे नुसते पैसे भरणेही असते. मराठीत डिपॉझिट म्हटले की ते परत मिळायचे असते, घरमालकाकडून असो वा निवडणुकीतले. ‘२,००० रुपये डिपॉझिट करा’ वाचून माणूस परताव्याच्या आशेने पैसे भरतो. त्याऐवजी ‘जमा करा’ लिहावे, तर मराठीत वर्गणीही जमा करतात, म्हणजे गोळा करतात. ‘कागदपत्रे जमा करा’ म्हणजे गोळा करून ठेवा की कार्यालयात द्या? ‘भरा’ आणि ‘सादर करा’ हे दोन साधे शब्द असताना हा घोळ कशाला?

या चुका तपासणीतून निसटतात, त्याचे कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. अनेक ठिकाणी मराठी मजकूर परत हिंदीत करून मुळाशी ताडून पाहतात. फसव्या जोडीपुढे ही कसोटी आंधळी ठरते: ‘हप्ता’ परत ‘हफ़्ता’ होतो, ‘आपत्ती’ परत ‘आपत्ति’ होते, आणि तपासणारा खूण करून मोकळा होतो. शिवाय व्यावसायिक एसएमएसचा मसुदा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. चूक त्यात शिरली की नाव आणि रक्कम तेवढी बदलत तोच मजकूर हजारोंना जात राहतो, आणि एक शब्द सुधारायचा तर पुन्हा मंजुरी.

उपाय खर्चिक नाही. मूळ मजकूर न पाहिलेल्या मराठी माणसापुढे फक्त मराठी संदेश ठेवायचा आणि तीन प्रश्न विचारायचे: किती द्यायचे, कधीपर्यंत, पटले नाही तर काय करायचे. उत्तरे मुळाशी ताडायची, शब्द नाहीत. वरच्या नमुन्यात दुसऱ्या प्रश्नाला ‘तारीख दिलेलीच नाही’ असे उत्तर येईल आणि चूक तिथेच उघडी पडेल. मुदत तर ‘आठवड्यात’ अशीही लिहू नये. मराठीत आठवड्याला ‘आठ दिवस’ही म्हणतात, आणि मग मोजणारा सातऐवजी आठ मोजतो. ‘थकीत रक्कम १४ तारखेपर्यंत भरावी. हरकत असल्यास त्यापूर्वी शाखेला कळवावे.’ एवढे पुरते.

आपल्या जाहीर सूचनांच्या पानावरही असे मजकूर अधूनमधून येतात. जाहिरातदाराचा मजकूर आपण बदलू शकत नाही, हे मान्य. पण ‘आपत्ती असल्यास १५ दिवसांत कळवावे’ असे आले, तर छापण्याआधी त्याला एक फोन जरूर करावा.

आपली,
एक वाचक (व्यवसायाने अनुवादक), पुणे