माफीतला ‘तर’ आधी काढा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्नेहसंमेलनं आणि सत्कार सुरू झाले की आपल्या खानदेशात कुठे ना कुठे माइकवरून एखादं वावगं वाक्य जातं आणि दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफीनामा येतो. तो वाचूनही लोकांचा राग उतरत नाही, बऱ्याचदा वाढतोच. बोलणारा माणूस वाईट असतो असं नाही. त्याला मनापासून वाईट वाटलेलं असतं, पण लिहिताना तो छापील साचा उचलतो आणि त्या साच्यात माफी उरतच नाही. हे एका उदाहरणाने सांगतो.

समजा, अमळनेरकडच्या एका शाळेत सहावीतल्या मुलीने अहिराणीत कविता म्हटली. ती मंचावरून उतरत असताना सूत्रसंचालक सर म्हणाले, ‘छान. आता जरा शुद्ध भाषेतलं काहीतरी ऐकू या.’ सभागृह हसलं. मुलगी मान खाली घालून आईजवळ जाऊन बसली. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर नाराजी उमटली आणि दुसऱ्या दिवशी सरांनी लिहिलं:

‘काल कार्यक्रमाच्या गडबडीत माझ्याकडून अनवधानाने एक शब्द बोलला गेला. कोणाचाही अवमान करण्याचा हेतू नव्हता. अहिराणी ही तर बहिणाबाईंची गोड भाषा, मला तिचा अभिमानच आहे. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर सर्वांची दिलगिरी व्यक्त करतो.’

वाचायला सभ्य आहे, पण नक्की काय बोललं गेलं ते यात कुठेच नाही. जो कार्यक्रमाला नव्हता त्याला काही कळत नाही आणि जो होता त्याला वाटतं, सर मूळ वाक्य लपवताहेत. ‘बोलला गेला’ या रचनेत बोलणारा माणूसच गायब होतो. मराठीत ही सोय फार आहे: ‘तोंडून निघून गेलं’, ‘शब्द घसरला’, ‘चूक झाली’. या सगळ्यांत चूक आपली आपण घडते. माफीत क्रियापदाला कर्ता हवा: मी बोललो.

मग ‘गडबडीत’, ‘अनवधानाने’, ‘हेतू नव्हता’. हे तिन्ही शब्द खरेही असतील. पण ते सरांच्या मनाविषयी आहेत, आणि मुलीच्या कानावर सरांचं मन पडलं नाही, वाक्य पडलं. कारण कोणी विचारलं तर समोरासमोर सांगावं. लेखी माफीत ते आलं की सबब म्हणूनच वाचलं जातं.

सगळ्यात मोठं नुकसान ‘तर’ करतो. ‘दुखावल्या असतील तर’ म्हणजे दुखावल्या की नाही याचा निकाल अजून लागलेला नाही. ग्रुपवर वीस जणांनी सांगितल्यावरही ही शंका ठेवली, तर त्या वीस जणांना खोटं पाडल्यासारखं होतं. आणि ‘सर्वांची दिलगिरी’ हे तर व्याकरणातही बसत नाही. दिलगिरी म्हणजे स्वतःला झालेला खेद, तो कोणाचा मागता येत नाही. माफी मात्र कोणाकडे तरी मागावी लागते, म्हणून तिथे समोरचा माणूस सांगावाच लागतो. बहुधा म्हणूनच लोक दिलगिरी पसंत करतात.

बहिणाबाईंचा उल्लेख तर नवी चूक आहे, आणि ती आपल्या भागात फार होते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता लेवा गणबोलीतली आहे. अहिराणी वेगळी, जिथे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि मुलीला ‘आंडेर’. ज्या बोलीला नावं ठेवली तिची स्तुती करताना दुसऱ्या बोलीचा दाखला दिला, की त्या भाषेकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही हे उघड होतं. तसंही माफीत स्तुती नको. ती मलमपट्टीसारखी दिसते. त्याऐवजी आपलं म्हणणं कुठे चुकलं ते नेमकं तपासून लिहावं. अहिराणी ज्या खानदेशी भाषेत मोडते, ती ब्रिटिश भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीच्या खंडात नसून 1907च्या खंडात भिल्ली भाषांबरोबर आहे. 2011च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीपासून वेगळी आहे. म्हणजे ‘शुद्ध मराठी विरुद्ध बिघडलेली मराठी’ हा सरांच्या वाक्यामागचा समजच टिकत नाही. माफीनाम्यात ही सगळी माहिती ओतायची गरज नाही, एक वाक्य पुरे.

याच सरांनी असं लिहायला हवं होतं:

‘शनिवारी स्नेहसंमेलनात एका विद्यार्थिनीने अहिराणीत कविता म्हटली. त्यानंतर मी माइकवर म्हणालो, “आता जरा शुद्ध भाषेतलं काहीतरी ऐकू या.” हे मी चुकीचं बोललो. अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे. एका मुलीची घरची भाषा मी सगळ्यांसमोर हलकी ठरवली. तिची आणि तिच्या आईवडिलांची मी आज घरी जाऊन माफी मागितली. ज्या घरांत अहिराणी बोलली जाते त्या सगळ्यांची इथे मागतो. सोमवारी परिपाठाला त्याच माइकवरून हे मुलांसमोर सांगेन.’

यात ‘पण’ नाही, ‘तर’ नाही, स्वतःची बाजू नाही. मुलीचं नावही नाही, कारण ग्रुपवर नाव आलं की ती पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होते. ‘मला माफ करा’ अशी विनवणीही मुद्दाम टाळली आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016मध्ये 755 लोकांवर केलेल्या अभ्यासात माफीचे सहा भाग तपासले होते. सर्वांत परिणामकारक ठरली जबाबदारीची कबुली, त्याखालोखाल भरपाईची तयारी. आणि माफ करण्याची विनंती सगळ्यात कमी उपयोगाची ठरली. तिथे लोक लिहिलेली माफी वाचून मत देत होते, घरातल्या रुसव्याला ते जसंच्या तसं लावू नये. पण ग्रुपवरची माफीही लोक वाचूनच जोखतात.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी मुलीच्या घरी, मग ग्रुपवर, मग माइकवर. ग्रुपवर आधी लिहिलं तर आपल्या माफीची बातमी मुलीला शेजाऱ्यांकडून कळते. घरी गेल्यावर आधी त्यांचं ऐकून घ्यावं. मुलीची आई कदाचित सांगेल की वाक्यापेक्षा हशा जास्त लागला, आणि मग परिपाठाला त्या हशाबद्दलही बोलावं लागेल. मुलीला ‘माफ केलंस ना?’ असं विचारू नये. मोठ्या माणसाला ती ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि तिचा नाइलाजाचा ‘हो’ आपल्या काही कामाचा नाही.

ग्रुपवर टाकल्यानंतरचे एक-दोन दिवस जपायचे. कोणी ‘उशिरा सुचलं’ म्हणालं तर ‘खरं आहे’ एवढंच उत्तर. आपला मित्र ‘सर, एवढं काय झालं, विसरा’ असं लिहू लागला तर त्याला फोन करून ते काढायला सांगावं. आपल्या बाजूने आलेलं समर्थन आपणच लिहिल्यासारखं वाचलं जातं. मजकूर मागाहून बदलू किंवा काढू नये. काही राहिलं असेल तर खाली वेगळं लिहावं. आणि सोमवारी परिपाठ झाला की त्याच ग्रुपवर एक ओळ टाकावी: ‘आज मुलांसमोर सांगितलं.’ ही ओळ बहुतेकांची राहून जाते, आणि पालक तिचीच वाट पाहत असतात.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)