चि. सौ. मुक्ताला, दागिन्यांच्या विम्याविषयी

चि. सौ. मुक्ता हिस, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, घराचा विमा उतरवलाय, दहा लाखांचं सामान कव्हर आहे, आता दागिन्यांची काळजी नाही." तेव्हा घाईत बोललो नाही. तू पाठवलेलं पॉलिसीचं शेड्यूल रात्री नीट वाचलं आणि हे लिहायला बसलो. आयुष्यभर विमा कंपनीच्या दावे विभागात बसून मी लोकांचे कागद तपासले आहेत. घरफोडी झाल्यावर पॉलिसी पहिल्यांदा उघडून वाचणारी माणसं मी फार पाहिली. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

तुझ्या शेड्यूलच्या दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे. दागिने व मौल्यवान वस्तू मिळून सामानाच्या रकमेच्या 20 टक्के, आणि कोणत्याही एका वस्तूला जास्तीत जास्त 50 हजार. म्हणजे दहा लाखांपैकी दागिन्यांच्या वाट्याला दोन लाखच. पण खरी अडचण दोन लाखांची नाही, त्या 50 हजारांची आहे. हिशोब सोपा पडावा म्हणून सोनं तोळ्याला एक लाख धरू. घरच्या कपाटात तुझ्या पाटल्यांची जोडी आहे चार तोळ्यांची, म्हणजे चार लाख. आजीची ठुशी दीड तोळ्याची, दीड लाख. नथ 40 हजारांची. एकूण पाच लाख 90 हजार. चोरी झालीच तर पाटल्यांचे 50 हजार, ठुशीचे 50 हजार आणि नथीचे 40 हजार, मिळून एक लाख 40 हजार हाती येतील. दोन लाखांची मर्यादासुद्धा पुरी वापरली जाणार नाही, कारण त्याआधीच एका वस्तूची मर्यादा आडवी येते. म्हणून पॉलिसी घेताना मोठ्या आकड्यापेक्षा हा छोटा आकडा आधी शोधायचा.

पाटल्यांची जोडी एक वस्तू की दोन, हेही विचारून घे. बहुतेक पॉलिसींत जोडी आणि संच यांचं वेगळं कलम असतं. कुड्यांपैकी एक हरवली तर कंपनी हरवलेल्या एकीचेच पैसे देते. दुसरी एकटी घालता येत नाही याची भरपाई मिळत नाही.

दुसरी गोष्ट चोरीची. तुमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी 'भारत गृह रक्षा' घेतली आहे असं निखिलराव सांगत होते. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर द्यावी लागणारी ही पॉलिसी चांगली आहे. आग, पूर, भूकंप यांसाठी मी ती कुणालाही घ्यायला सांगेन. पण तिच्या मूळ संरक्षणात चोरी धरली जाते ती अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. पुरात घर सोडून गेलात आणि मागे कुणी हात मारला, अशी चोरी. दुपारी कुलूप तोडून झालेली साधी घरफोडी त्यात येत नाही, तिचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. तुझ्या पॅकेज पॉलिसीत घरफोडीचा विभाग आहे, हे बरं झालं. पण तोही जबरदस्तीने घरात शिरल्याच्या खुणा मागतो. तुटलेलं कुलूप, वाकलेली कडी, उचकटलेली खिडकी यांपैकी काहीतरी दिसावं लागतं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाने कपाट उघडून काही नेलं तर ते बहुधा बाहेरच राहतं. घर सलग किती दिवस बंद ठेवलेलं चालतं, तेही कलम बघ. दिवाळीनंतर तुम्ही महिनाभर इकडे येणार आहात, तेव्हा ते लागू पडेल.

यावर उपाय आहे, आणि तो तुला परवडणारा आहे. मौल्यवान वस्तू नावानिशी, एकेक करून जाहीर करायच्या आणि प्रत्येकीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घ्यायची. 'भारत गृह रक्षा'त ही सोय ऐच्छिक आहे. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. तुझ्या पाटल्या आणि ठुशी दोन्ही लाखाच्या वर आहेत, म्हणून मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून दाखला काढावाच लागेल. त्या दाखल्यात घडणावळ धरली आहे की नुसतं सोनं, हे स्पष्ट लिहून घे. दुकानात आपण मजुरी आणि जीएसटी मोजतो, पण दाव्याच्या वेळी कंपनी अनेकदा फक्त धातूची किंमत मोजते. आणि दर नूतनीकरणाला भाव नव्याने घाल. 2021 मध्ये तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास असलेलं सोनं 2025 मध्ये लाखाच्या पुढे गेलं. जुन्या रकमेवर पॉलिसी चालू ठेवणाऱ्यांचं संरक्षण निम्म्यावर आलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

तुझ्याकडे दसऱ्याला घेतलेली नाणी आणि एक वेढणी आहे. नाणी आणि न घडवलेलं सोनं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं, खास लिहून घेतल्याशिवाय धरत नाहीत. वेढणी दागिन्यात मोडते की नाही यावर मी कंपनीतच वाद झालेले ऐकले आहेत, म्हणून तिच्याबद्दल कंपनीकडून ईमेलवर उत्तर घे. तोंडी "हो हो, होईल" यावर थांबू नकोस. चांदीची समई आणि ताटं यादीत घालणं सोपं आहे. लॅपटॉप आणि निखिलरावांचा कॅमेरा यांचा विभाग वेगळा असतो, ते दागिन्यांत मिसळू नका.

आता यादीकडे येतो. दहापैकी आठ दावे याच ठिकाणी अडायचे, असं माझ्या मनावर ठसलंय. सर्व्हेअरला "दहा तोळे सोनं गेलं" हे वाक्य काही उपयोगाचं नसतं. त्याला वस्तू दिसावी लागते. पाटल्यांची नोंद अशी कर: पाटल्या, एक जोडी, 22 कॅरेट, वजन 40 ग्रॅम 120 मिलिग्रॅम, काठावर वेलबुट्टी, आतल्या बाजूला हॉलमार्कचा शिक्का, लग्नात आईवडिलांकडून, बिल अमुक तारखेचं. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो भिंगाने वाचून लिहून ठेव. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकलास की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि विकणाऱ्या सराफाची नोंदणी दिसते. तिचा स्क्रीनशॉट यादीला जोड. फोटो दोन काढ. एक पट्टीशेजारी ठेवून, दुसरा शिक्क्याचा जवळून. सराफाकडे पॉलिशला नेलेस तर काट्यावर ठेवलेला फोटो तिथेच काढ, वजनाचा आकडा दिसेल असा.

बिलाच्या बाबतीत आपल्याकडे दोन सवयी दाव्याला मारक आहेत. एक म्हणजे कच्ची चिठ्ठी. सराफाने वहीच्या कागदावर लिहून दिलेला हिशोब हा अंदाज असतो, तो बिल म्हणून चालत नाही. दुसरी मोड. तुझा चपलाहार करताना आपण आईच्या जुन्या बांगड्यांची मोड दिली होती, त्यामुळे शेवटी भरलेली रक्कम फार कमी होती. नुसती कार्डाची पावती जोडलीस तर समोरचा म्हणेल, एवढ्या पैशात तीन तोळ्यांचा हार कसा? म्हणून नव्या दागिन्याचं पूर्ण वजन आणि मोडीची वजावट दोन्ही दाखवणारं पक्कं बिलच जप. ते माझ्या फाईलमध्ये आहे, पुढच्या खेपेला घेऊन येतो. बिल माझ्या नावावर असल्याने मी दोन ओळींचं पत्रही देईन, की हा हार मुलीला लग्नात दिला.

आजीच्या ठुशीला बिल नाही, आणि त्याने घाबरायचं कारण नाही. जुन्या दागिन्याची मालकी एका कागदावर ठरत नाही, चार गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा ठरते. तुझ्या लग्नाच्या फोटोत ती गळ्यात स्पष्ट दिसते. 2016 मध्ये ती गाठवून घेतली होती, त्या पावतीवर वजन आहे. आजी अजून आहे, तिच्याकडून साध्या कागदावर "ही ठुशी मी नातीला दिली" असं लिहून, सही आणि तारीख घेऊ. मूल्यांककाचा दाखला चौथा. एवढं असलं की पुरतं. काही लोक सांगतात की विवाहितेला 500 ग्रॅमपर्यंत पुराव्याची गरजच नाही. ती सूचना 1994 ची, प्राप्तिकर खात्याच्या झडतीत जप्ती करू नये यासाठी आहे. विमा कंपनीला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

चपलाहार लॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमानुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. पुराचं पाणी आत शिरलं आणि बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर तेवढीही नाही. शिवाय लॉकरमध्ये काय ठेवलंय याची नोंद बँक ठेवत नाही, त्यामुळे तिथल्या वस्तूंनाही हीच यादी आणि हेच फोटो लागतात. घरच्या पॉलिसीत लॉकरमधले दागिने धरतात का, हे विचारायचंय.

यादीची प्रत घराबाहेरही असू दे. कपाटात ठेवलेली यादी कपाटाबरोबरच जाते. मला आणि निखिलरावांना ईमेल कर, म्हणजे तारीखही आपोआप नोंदली जाईल.

देव न करो, पण कधी तशी वेळ आलीच तर कुलपाला हात लावू नका, आधी फोटो, मग पोलीस, त्याच दिवशी कंपनीला कळवा. फिर्याद देताना ही यादीच समोर ठेव. मिरजेच्या एका कुटुंबाचा दावा मला आठवतो. घाबरून त्यांनी फिर्यादीत "अंदाजे सहा तोळे" लिहिलं आणि दाव्यात अकरा मागितले. बिलं खरी होती, बाई खरं बोलत होती, तरी पुरवणी जबाब होईपर्यंत सगळं अडून राहिलं. चोर सापडला नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्याची प्रत कंपनी शेवटी मागतेच. त्यासाठी पोलीस ठाण्यात पाठपुरावा करावा लागतो, तो निखिलराव करतील.

येत्या शनिवारी बाकी सगळं सोडून ठुशी आणि पाटल्या घेऊन मूल्यांककाकडे जाऊन या. नूतनीकरणाची वाट बघू नका, मध्येच वाढीव हप्ता भरून रक्कम वाढवता येते. दाखला हातात आला की मला पाठव, कंपनीला लिहायचं पत्र मी करून देतो.

आई म्हणते, नथ तिच्या पेटीत ठेवायची असेल तर घेऊन ये.

तुझा,
बाबा