मोबदल्याचा तक्ता मागून घ्या

महोदय,

सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर आयकर लागतो का, हा प्रश्न बहुतेकजण एकूण रकमेकडे बघून विचारतात. उत्तर मात्र रक्कम कशी फोडली आहे त्यावर ठरते.

2013च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला असेल तर कलम 96 प्रमाणे त्यावर आयकर नाही. जमीन शेतीची असो वा घराची, फरक पडत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर 2016च्या परिपत्रकात हेच स्पष्ट केले आहे, आणि अशा रकमेतून टीडीएसही कापायचा नसतो. म्हणून निवाड्यात कोणता कायदा लिहिला आहे ते आधी वाचावे. महामार्गासारखे संपादन वेगळ्या कायद्याखाली होते. तिथे ही सूट लागू आहे का, यावरून वाद झाले आहेत.

शहर हद्दीतील घराचे उदाहरण घेऊ. जमिनीचा बाजारभाव 20 लाख, बांधकाम 5 लाख, त्या 25 लाखांवर सक्तीने जागा घेतल्याबद्दल तेवढीच दिलासा रक्कम, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या दीड वर्षाचे बाजारभावावर 12 टक्क्यांनी 3 लाख 60 हजार. एकूण 53 लाख 60 हजार. हे 12 टक्के व्याजासारखे दिसतात, पण कायद्याने तो मोबदल्याचाच भाग आहे. त्यामुळे सगळी रक्कम करमुक्त.

खरी गुंतागुंत वाढीव मोबदल्यात होते. समजा कमी मोबदल्याविरुद्ध दाद मागितल्यावर भूसंपादन प्राधिकरणाने भाव व दिलासा मिळून 10 लाख वाढवले आणि ते पैसे ताबा गेल्यापासून 3 वर्षांनी जमा झाले. पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के, म्हणजे व्याज 3 लाख 90 हजार. आयकर विभाग हे व्याज मिळाल्या वर्षाचे इतर उत्पन्न धरतो आणि त्यातून सरसकट निम्मी वजावट देतो; करपात्र उरतात 1 लाख 95 हजार. असे व्याज मोबदल्याचाच भाग, असाही युक्तिवाद न्यायालयांत होतो. पण तो लढायचा असेल तर सल्लागार आधी गाठावा, विवरणपत्रातून व्याज गुपचूप गाळू नये.

धनादेश मात्र 13 लाख 90 हजारांचा एकच निघतो. तक्ता सोबत नसेल तर कार्यालयात सगळ्यावर 10 टक्के, म्हणजे 1 लाख 39 हजार कापले जाण्याची शक्यता असते. व्याजावरचा टीडीएस फक्त 39 हजार होतो. शिवाय कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या 26एएस विवरणात पूर्ण रक्कम व्याज म्हणून दिसते आणि नोटीस येऊ शकते. पॅन दिला नसेल तर कपात 20 टक्के. जादा कापलेले पैसे विवरणपत्र भरूनच परत मिळतात, म्हणून मूळ रक्कम, दिलासा आणि व्याज वेगळे दाखवणारा सही-शिक्क्याचा तक्ता पैसे उचलण्याआधीच लेखी अर्जाने मागावा. सामाईक जमिनीत प्रत्येक हिस्सेदाराची रक्कम आणि पॅन त्यात स्वतंत्र ओळीत हवेत. थोरल्या भावाच्या एकट्याच्या पॅनवर टीडीएस गेला की बहिणींना त्याची वजावट सहज मिळत नाही.

एक करसल्लागार