साठ दिवसांची नोटीस आणि संपावरचे खरे कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यानंतर 'आता संपाची नोटीस साठ दिवस आधी द्यावी लागणार' असे बातम्यांत वाचायला मिळते, गेटसभेत ऐकायला मिळते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच फिरते. आपल्या दैनिकातही ते छापून आले. ते चुकीचे आहे, आणि त्या चुकीमुळे कामगारांचे लक्ष जिथे हवे तिथून उडते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी बरीच वर्षे युनियनचा चिटणीस होतो. नोटिसांचे मसुदे करण्यात आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या बाकावर बसण्यात उमेदीचा काळ गेला.

संहितेच्या कलम ६२ मध्ये दोन मुदती शेजारी शेजारी आहेत. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही, ही पहिली. संप ज्या दिवशी सुरू होईल त्याच्या आधीच्या ६० दिवसांत ती नोटीस दिलेली असली पाहिजे, ही दुसरी. म्हणजे १४ दिवस थांबायचे आहेत आणि ६० दिवस हे नोटिशीचे आयुष्य आहे. दोन महिन्यांपूर्वीची नोटीस खिशात ठेवून आज संप पुकारता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी नोटीस फक्त रेल्वे, पाणीपुरवठा यांसारख्या सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना लागत असे. आता ती प्रत्येक आस्थापनेला लागते, त्यामुळे इतर राज्यांतल्या कामगारांना हा बदल जाणवेल. महाराष्ट्रातल्या कारखान्यांना मात्र १४ दिवस नवे नाहीत. आपल्याकडच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात ते होतेच, शिवाय मान्यताप्राप्त युनियनने नोटीस देण्याआधी सभासदांचे बहुमत घेतले पाहिजे अशी अटही होती. (त्या मतदानाच्या चिठ्ठ्या आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सील करून ठेवत असू, कारण पुढे कोर्टात पहिला प्रश्न त्यांचाच येई.)

खरे कुलूप त्याच कलमात थोडे खाली आहे. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. औद्योगिक न्यायाधिकरणापुढे कार्यवाही प्रलंबित असताना आणि ती संपल्यावर ६० दिवस करता येत नाही. बंदी पाहिली तर जुनीच वाटते. बदलले आहे ते न्यायाधिकरणाचे दार. पूर्वी सामुदायिक मागण्यांचा वाद एका बाजूच्या इच्छेवर तिथे जात नसे. सरकारने तो अभिनिर्णयासाठी सोपवावा लागे, आणि सोपवायचा की नाही यावर मंत्रालयापर्यंत खेटे होत. आता समेट फिसकटला की दोन्हींपैकी कोणताही एक पक्ष ९० दिवसांच्या आत थेट अर्ज करू शकतो. कामगारांना सरकारची मनधरणी करावी लागणार नाही, हा फायदा मी नाकारत नाही. पण तोच अर्ज मालकालाही करता येतो.

कॅलेंडर समोर ठेवून पाहू. समजा, चारशे कामगारांच्या एका कारखान्यात पगारवाढीचा करार मार्चअखेर संपला, मागणीपत्रावरच्या बैठका निष्फळ झाल्या आणि युनियनने १ जून रोजी संपाची नोटीस देऊन १८ जून ही तारीख घातली. समेट अधिकाऱ्याने १० जूनला पहिली बैठक बोलावली. संहितेप्रमाणे समेटाची कार्यवाही त्या पहिल्या बैठकीच्या दिवशी सुरू झाली असे धरले जाते, त्यामुळे १८ तारखेचा संप तिथेच अडला. संपाची नोटीस असेल तर अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. तो त्याने २४ जूनला 'समेट झाला नाही' असा दिला. पुढचे सात दिवस धरले तर २ जुलैपासून युनियन मोकळी, आणि नोटीसही जुलैअखेरपर्यंत जिवंत. मात्र २६ जूनला कंपनीच्या वकिलाने न्यायाधिकरणात अर्ज दाखल केला, तर २ जुलै उजाडूनही उपयोग नाही. कार्यवाही निकाली निघेपर्यंत संप बेकायदा, निकालानंतर आणखी साठ दिवस बेकायदा, आणि दरम्यान नवी नोटीस दिली तरी बंदी उठत नाही. पगारवाढीच्या वादात हिशेबपत्रके, त्याच भागातल्या इतर कारखान्यांचे पगार, साक्षी, उलटतपासण्या हे सगळे येते. ते किती वर्षे चालते हे औद्योगिक न्यायालयाची पायरी चढलेल्या कोणालाही विचारावे.

संप बेकायदा ठरला तर कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तुरुंगात गेलेला कामगार मी पाहिला नाही. पगारपत्रकातली कपात मात्र पाहिली आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, आवश्यक ती नोटीस न देता गैरहजर राहिले तर प्रत्येकाच्या पगारातून आठ दिवसांपर्यंतची रक्कम कापता येते, ही तरतूद वेतन कायद्यात जुनीच आहे. एका दिवसाच्या संपाला आठ दिवसांचा पगार गेला की पुढच्या गेटसभेला अर्धी माणसे येत नाहीत. सामूहिक किरकोळ रजेची पळवाटही आता उरलेली नाही: एकाच दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून रजा टाकली, तर तो संपच. आमच्या चारशेच्या कारखान्यात एकशे नव्व्याण्णव अर्ज ही रजा आणि दोनशेवा अर्ज आला की संप.

टाळेबंदीलाही हेच नियम आहेत, आणि बेकायदा टाळेबंदीचा दंड ५०,००० ते १ लाख रुपये आहे, असे सांगून कायदा समतोल असल्याचे म्हटले जाते. कागदावर ते खरे आहे. पण मालकाला टाळेबंदीचा फलक लावावाच लागतो असे नाही. आमच्याकडे एका सकाळी पहिल्या पाळीला गेटवर टेबल मांडले होते आणि त्यावर छापील हमीपत्रांचा गठ्ठा होता. 'मी शिस्तीने व पूर्ण उत्पादन देईन' यावर सही करील त्यालाच आत घेतले जाई. सही न करणारे बाहेर राहिले आणि दुपारी कंपनीने कामगार आयुक्तांना कळवले की कामगार बेकायदा संपावर गेले आहेत. आम्ही त्याच दिवसापासून गेटबाहेर हजेरीची वही ठेवली. रोज तिन्ही पाळ्यांना येणाऱ्याची सही व वेळ घ्यायची आणि 'आम्ही कामावर हजर आहोत, आत घेतले जात नाही' असे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवायचे. पुढे तो संप की टाळेबंदी या प्रश्नावर ती वही आणि पोस्टाच्या पावत्याच बोलल्या, आणि बंद काळाच्या पगाराचा बराचसा भाग त्यामुळे मिळाला.

संप हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ पासून सांगितले आहे. संघटना करण्याचा हक्क संविधानात आहे, संपाचा कायद्याने दिलेला आहे, आणि कायदा तो आखूडही करू शकतो. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. मालकाने एकट्याने केलेल्या अर्जामुळे कायदेशीर नोटीस दिलेला संप थांबणार असेल, तर त्या बंदीला निश्चित मुदत असावी किंवा त्या काळात न्यायाधिकरणाने अंतरिम पगारवाढीवर ठरावीक दिवसांत निर्णय देणे बंधनकारक करावे. त्यासाठी संहितेतच दुरुस्ती लागेल, आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी ती मागावी. आपल्या वृत्तपत्राने तूर्त ६० दिवसांबाबतची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त युनियन चिटणीस,
भोसरी, पुणे